शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू

शनिवारी दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, फ्लॅट मिळाला. एजंट म्हणतोय आजच 15,000 टोकन टाक, संध्याकाळी दुसरी पार्टी बघायला येतेय. टाकू का?"

मी विचारलं, "मालक कोण आहे?"

"आहेत एक काका, नाशिकला असतात. आजच चावी घेऊन आले होते. चांगले वाटले."

"ते मालक आहेत हे कुठल्या कागदावरून कळलं?"

यावर ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मामा, भाड्याच्या घरासाठी असं विचारतात का?"

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. या काळात शेकडो भाडेकरार माझ्या हाताखालून गेले, पण पैसे देण्याआधी 'घर नक्की कोणाच्या नावावर आहे' हे विचारायला सोसायटीच्या ऑफिसात आलेले भाडेकरू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. म्हणून भाचीचं हे प्रकरण नीट लिहून ठेवतो आहे. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं त्याचं कारणही हेच आहे: माणूस सज्जन होता, आणि तरीही टोकन चुकीच्या माणसाच्या खात्यात जाणार होतं.

फ्लॅट ठाणे पश्चिमेला, नव्वदच्या दशकातल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. भाडं महिना 26,000, डिपॉझिट 1,00,000. भाचीच्या ऑफिसपासून रिक्षानं पंधरा मिनिटं. घर तिला मनापासून आवडलं होतं, त्यामुळे ते हातचं जाईल ही धास्ती खरी होती. मी तिला एवढंच म्हटलं की आज पैसे पाठवू नकोस, पण आज मेसेज मात्र नक्की पाठव. मेसेज आम्ही दोघांनी मिळून लिहिला:

"नमस्कार काका, घर आम्हाला पसंत आहे आणि भाडं, डिपॉझिट मान्य आहे. माझं पॅन कार्ड आणि कंपनीचं ओळखपत्र सोबत पाठवते आहे. टोकन देण्याआधी कृपया फ्लॅटच्या खरेदीचा इंडेक्स टू, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू आणि मेंटेनन्सचं शेवटचं बिल बघायला मिळेल का? प्रती पाठवायच्या नसतील तर मूळ कागद समक्ष दाखवलेत तरी चालेल. कागद बघितले की त्याच दिवशी टोकन देते."

यात दोन गोष्टी मुद्दाम होत्या. आपले कागद आधी पाठवले, म्हणजे मागणी एकतर्फी राहत नाही. आणि 'समक्ष दाखवा' हा पर्याय दिला, कारण आपल्या घराचे कागद अनोळखी माणसाच्या मोबाइलमध्ये जावेत हे कोणालाही रुचत नाही. मालकाची ही भीती रास्त आहे. प्रत द्यायची असेल तर त्यावर 'फक्त भाडेकरारासाठी' असं आडवं लिहून द्यावी, इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या दस्ताचा गोषवारा, त्यावरची खरेदीची किंमत झाकावी, आधारचे पहिले आठ आकडे झाकावेत. भाडेकरूला यातलं काहीही वाचायची गरज नसते.

तासाभरात काकांनी लाइट बिल आणि स्वतःचं आधार कार्ड पाठवलं. पाठोपाठ एजंटचा फोन: "मॅडम, लाइट बिल आहे की. आणि ॲग्रीमेंट तर रजिस्टर होणार आहे, सरकारी कागद होणार, मग अजून काय पाहिजे?"

एजंटच्या या प्रश्नात बहुतेकांचा समज दडलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पण नोंदणी होते तेव्हा करार लिहून देणारा माणूस तोच आहे ना, एवढंच तपासलं जातं. आधार क्रमांक घेतात, अंगठ्याचा ठसा जुळवतात. तो माणूस त्या फ्लॅटचा मालक आहे का, हे त्यात कोणी बघत नाही. म्हणजे माझ्या घराचा करार दुसऱ्या कोणी स्वतःच्या खऱ्या आधारावर करून दिला, तर कराराची नोंदणी खरी आणि कराराला पाया मात्र नाही. एखादा भाडेकरूच स्वतःला मालक म्हणवून तोच फ्लॅट दुसऱ्याला देतो आणि डिपॉझिट घेऊन निघून जातो, हे प्रकार याच फटीतून होतात.

लाइट बिलाचंही तसंच. मीटर ज्याच्या नावावर घेतला त्याचं नाव, कोणी अर्ज करून बदलेपर्यंत, वर्षानुवर्षं चालू राहतं. आमच्या सोसायटीत फ्लॅट दोनदा विकला गेला तरी बिल पहिल्या मालकाच्या नावानं येत होतं. घरपट्टीच्या पावतीवरून कर कोणाकडून वसूल होतो ते कळतं, तिनंही मालकी ठरत नाही. आणि इथे तर लाइट बिलावरचं नाव काकांचं नव्हतंच. आडनाव तेच होतं, नाव वेगळं. भाचीनं विचारल्यावर काका म्हणाले, "ते वडील माझे. वारले 2021 ला. आता मीच बघतो सगळं."

एवढ्यावर 'ठीक आहे' म्हणणं सोपं होतं. माणूस सरळ बोलत होता. पण 'मी बघतो' आणि 'माझं आहे' यांत फरक आहे, आणि भाड्यानं राहणाऱ्याला तो फरक विकत घेणाऱ्याइतकाच लागू पडतो. लायसन्स म्हणजे वापराची परवानगी. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये त्याची व्याख्या आहे आणि तिचा गाभा असा की घरात तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही, मालकानं 'राहा' म्हटलं म्हणून तुमचं राहणं बेकायदा ठरत नाही, बस्स. मग ज्याला 'राहा' म्हणायचा अधिकारच नाही, त्याच्या परवानगीवर राहणारा माणूस अधांतरी असतो. खरा हक्कदार दारात आला की दाखवायला हातात काही नाही, आणि डिपॉझिट मागायचं तर ज्यानं घेतलं त्याच्याच मागे धावायचं.

काका जरा दुखावले होते. "भाड्यानं घेताय, विकत नाही घेत," असंही म्हणाले. भाचीनं शांतपणे सांगितलं, "काका, माझे लाख रुपये अकरा महिने तुमच्याकडे राहणार आहेत. करारात ज्यांचं नाव असेल तेच ते परत करायला बांधील असतात. म्हणून नाव नीट लागावं एवढंच म्हणते आहे." हे त्यांना पटलं असावं. रविवारी सकाळी शेअर सर्टिफिकेटचा फोटो आला. फक्त पुढच्या बाजूचा.

आणि त्यावर तिसरंच नाव. काकांचं नाही, वडिलांचंही नाही, आडनावसुद्धा वेगळं. भाची घाबरली. "मामा, हे भलत्याच माणसाचं आहे. सोडून देऊ का?"

मी म्हटलं, मागची बाजू मागव.

शेअर सर्टिफिकेट ज्यांनी हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या बाजूला सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, सर्टिफिकेटचा क्रमांक, पहिल्या सभासदाचं नाव, शेअर किती आणि त्यांचे अनुक्रमांक, सोसायटीचा शिक्का आणि सह्या. जुन्या सोसायट्यांत एका सभासदाला साधारणपणे 50 रुपयांचे पाच शेअर दिलेले असतात, नंतरच्या बऱ्याच ठिकाणी दहा. पुढे फ्लॅट विकला गेला तरी नवं सर्टिफिकेट काढत नाहीत, तेच सर्टिफिकेट पुढच्या माणसाकडे जातं आणि हस्तांतराची नोंद मागच्या बाजूला होते. तिथे तक्ता छापलेला असतो: तारीख, हस्तांतर क्रमांक, ज्याच्याकडे शेअर गेले त्याचं नाव, सभासद रजिस्टरचं पान, आणि चेअरमन, सेक्रेटरी व एका कमिटी सदस्याची सही. म्हणून आजचा सभासद कोण हे मागच्या बाजूच्या शेवटच्या ओळीवरून ठरतं. पुढच्या बाजूवर फक्त पहिला माणूस असतो. नुसती पुढची बाजू बघून खऱ्या मालकाला खोटा ठरवणारे भेटतात, आणि वीस वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेलेल्या माणसाच्या नावावर विश्वास ठेवणारेही.

इथे सर्टिफिकेट क्रमांक 18 होता आणि शेअर 86 ते 90. प्रत्येकाला पाच या हिशेबानं पहिल्या सतरा सभासदांचे 85 होतात, अठराव्याचे 86 पासून सुरू होतात. हा आकडा जुळला की थोडं समाधान वाटतं. न जुळला म्हणून कागद खोटा ठरत नाही, डुप्लिकेट सर्टिफिकेट निघालेलं असतं किंवा मध्ये शेअर वाढवलेले असतात, पण मग सोसायटीत जाऊन विचारावं.

मागच्या बाजूला एकच ओळ होती. 2006 साली शेअर दोघांच्या नावावर गेलेले: पहिलं नाव काकांच्या वडिलांचं, दुसरं त्यांच्या आईचं. काकांचं नाव कुठेच नाही.

आता चित्र स्पष्ट झालं, आणि मला वाटतं खरा अवघड भाग इथून पुढे होता. काकांचं म्हणणं होतं की वडिलांनी सोसायटीत त्यांना नॉमिनी केलंय, म्हणजे ते मालकच झाले. हा गैरसमज मी सेक्रेटरी असताना इतक्या वेळा ऐकला आहे की काकांना दोष द्यावासा वाटत नाही. नॉमिनीला मालकी मिळत नाही. तो वारसांसाठी ती वस्तू सांभाळतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 साली गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातल्या कलम 154ब-13 प्रमाणे वारसांची नावं लागेपर्यंत नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेतात.

मग मालक कोण? यासाठी शेअर सर्टिफिकेटही पुरत नाही. सर्टिफिकेटवर दुसरं नाव नुसतं सोयीसाठीही लावलेलं असू शकतं. खरेदीच्या दस्तात आईचं नाव आहे का, हे बघायला हवं होतं, आणि त्यासाठी इंडेक्स टू. नोंदणीकृत दस्ताचा हा एका पानाचा गोषवारा असतो. त्यात दस्ताचा प्रकार, मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, लिहून देणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची नावं, नोंदणीची तारीख आणि दस्त क्रमांक येतो. काकांनी फाइल शोधून 2006 चा इंडेक्स टू पाठवला. नोंदणी विभागाच्या freesearchigrservice.maharashtra.gov.in या साइटवर जिल्हा, दुय्यम निबंधक कार्यालय, वर्ष आणि दस्त क्रमांक टाकून तो ताडून बघता येतो. साइट कधी कधी फार हळू चालते, भाचीला रात्री दहानंतर उघडली. लिहून घेणारे म्हणून आई-वडील दोघांचीही नावं होती. लिहून देणाऱ्याचं नाव सर्टिफिकेटच्या पुढच्या बाजूवरचं. म्हणजे तो 'भलता माणूस' पहिला मालक होता, त्यानं 2006 साली फ्लॅट या जोडप्याला विकला होता, आणि साखळी जुळली.

हिश्शांचा हिशेब असा होता. दोघांनी मिळून घेतलेलं, वेगळे हिस्से लिहिलेले नाहीत, म्हणून अर्धं आईचं धरायचं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, तेव्हा हिंदू उत्तराधिकार कायद्यानं त्यांचा अर्धा हिस्सा आई, काका आणि काकांची पुण्याला असलेली बहीण यांच्यात समान वाटला जातो. आईचे झाले दोन तृतीयांश, काकांचा एक षष्ठांश, बहिणीचा एक षष्ठांश. जो माणूस एकटा करार करून देणार होता आणि ज्याच्या खात्यात टोकन जाणार होतं, त्याचा वाटा सहातला एक होता. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या सोसायटीच्या ऑफिसात गेलो. बाहेरच्या माणसाला रजिस्टर दाखवायला सेक्रेटरी बांधील नाहीत, आणि मीही त्यांच्या जागी असतो तर दाखवलं नसतं. म्हणून काकांना फोन लावून दिला आणि त्यांच्या संमतीनं तीनच प्रश्न विचारले. आजच्या नोंदीप्रमाणे सभासद कोण? फ्लॅटवर बँकेचा बोजा नोंदलेला आहे का? मेंटेनन्सची थकबाकी किती? उत्तरं सरळ आली. वडिलांच्या निधनाची नोंद आहे, हस्तांतराचा अर्ज अजून आलेला नाही, आईचं नाव कायम आहे. बोजा नाही. थकबाकी दोन महिन्यांची. वारसांपैकी कोणाची हरकत आलेली नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. या चौथ्या वाक्यासाठी ती फेरी सार्थकी लागली, कारण भावंडांचं भांडण कुठल्याही कागदावर दिसत नाही.

त्यानंतर काकांशी जे ठरलं ते असं. करारात लायसन्स देणाऱ्या म्हणून आईचं नाव. ऑनलाइन नोंदणी करणारा माणूस ठसा घ्यायचं यंत्र घेऊन नाशिकला त्यांच्या घरी जाणार, म्हणजे आजींना कुठे जायला नको. काका दुसरे लायसन्स देणारे. बहिणीचं एका परिच्छेदाचं संमतीपत्र: फ्लॅट भाड्यानं द्यायला आणि डिपॉझिट आईच्या खात्यात घ्यायला माझी हरकत नाही. सोबत तिच्या ओळखपत्राची प्रत. करारात एक वाक्य की डिपॉझिट परत करायची जबाबदारी लायसन्स देणाऱ्या दोघांवर एकत्र आणि स्वतंत्रपणे राहील. टोकन 15,000 ऐवजी 10,000, आणि तेही आईच्या खात्यात बँकेतून. काकांनी मेसेजवर लिहून दिलं की ही रक्कम डिपॉझिटमध्ये धरली जाईल आणि मालकांकडून करार झाला नाही तर पूर्ण परत मिळेल. खात्यावरचं नाव आणि करारावरचं नाव एकच असणं, हे मी भाचीला सगळ्यात आग्रहानं सांगितलं होतं. एजंटच्या नंबरवर, मुलाच्या नंबरवर, 'सध्या माझ्या पत्नीच्या खात्यात टाका' यावर पैसे पाठवायचे नाहीत.

बाकीचे 90,000 नोंदणीच्या दिवशी गेले. एजंटची 'दुसरी पार्टी' त्या शनिवारी संध्याकाळी आलीच नव्हती.

हे घर साध्या सोसायटीतलं होतं म्हणून शेअर सर्टिफिकेट मागता आलं. प्रत्येक ठिकाणी ते असेलच असं नाही, आणि नसणं म्हणजे लगेच संशय घ्यायचा असंही नाही. पुण्यात हा प्रश्न फार येतो. तिथल्या पुष्कळ इमारती 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. त्यांत सोसायटी नसते, फ्लॅटधारकांची असोसिएशन असते, आणि शेअर सर्टिफिकेट हा कागदच अस्तित्वात नसतो. तिथे मालकीचा कागद म्हणजे नोंदणीकृत डीड ऑफ अपार्टमेंट. मालक म्हणाले 'आमच्याकडे शेअर सर्टिफिकेट नाही', तर पुढचा प्रश्न 'सोसायटी आहे की अपार्टमेंट?' हाच विचारावा. नव्या इमारतीत सोसायटी स्थापन झालेली नसते. तिथे बिल्डरशी झालेला नोंदणीकृत करारनामा, त्याचा इंडेक्स टू आणि ताबापत्र बघावं.

गृहकर्ज असेल तर मूळ सर्टिफिकेट बँकेकडे असतं, मालकाकडे प्रत असते, आणि ती पुरते. फक्त हप्ते नियमित आहेत का हे विचारायला लाजू नये. कर्ज थकून बँकेनं कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस दिली असेल, तर त्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला तो फ्लॅट भाड्यानं देता येत नाही. बँकेनं ताबा जाहीर केला असेल तर दारावर नोटीस चिकटवतात आणि वर्तमानपत्रांत छापतात. दारावर नुकत्याच खरवडलेल्या कागदाची खूण दिसली तर शेजाऱ्यांना विचारावं. मालक परदेशी असून कोणी मुखत्यारपत्रावर व्यवहार करत असेल, तर मुखत्यारपत्र वाचावं, त्यात भाड्यानं देण्याचा आणि डिपॉझिट घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का ते बघावं, आणि मालकाशी एकदा व्हिडिओवर बोलावं. मालक वारला की साधं मुखत्यारपत्र तिथेच संपतं, आणि मुखत्याराला ते माहीत असतंच असं नाही.

काकांनी पुढच्या काही महिन्यांत वारसांच्या नावानं हस्तांतराचा अर्ज केला. भाचीच्या प्रश्नांमुळे ते राहिलेलं काम आठवलं, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. करार संपत आला तेव्हा नूतनीकरणाच्या आधी त्यांनी सर्टिफिकेटचे फोटो न मागता पाठवले, दोन्ही बाजूंचे. मागच्या तक्त्यात दुसरी ओळ भरलेली होती आणि तिच्यात तीन नावं होती. नव्या करारात लायसन्स देणारेही तिघं झाले, आणि बहिणीचं वेगळं संमतीपत्र लागलं नाही.